रविवारचे किलोमीटर, आठवड्याचे किलोमीटर

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते आणि दिवाळी तिच्या आधी साधारण दहा-बारा आठवडे येते. त्यामुळे पहिल्यांदाच हाफ मॅरेथॉनला नाव घातलेल्यांची धावपळ फराळाचे डबे रिकामे होता होता सुरू होते. धावणाऱ्यांच्या ग्रुपवर त्या दिवसांत दोनच प्रश्न फिरत असतात: आठवड्याला किती किलोमीटर धावायचं, आणि रविवारचा लाँग रन किती नेऊन ठेवायचा? उत्तरंही तयार असतात. कुणी म्हणतं, आठवड्याला चाळीस तरी हवेतच. कुणी म्हणतं, शर्यतीआधी एकदा एकवीस करून टाक म्हणजे भीती जाते. ही उत्तरं देणारे बहुतेक जण पाच-सहा वर्षं धावत असतात आणि स्वतःच्या पायांच्या हिशेबाने बोलत असतात.

हाफ मॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटरची. जवळजवळ न थांबता किलोमीटरला सहा मिनिटं घेणारा ती दोन तास सात मिनिटांत संपवतो. आठ मिनिटं घेणाऱ्याला दोन तास एकोणपन्नास मिनिटं लागतात. नवखे धावपटू बहुधा या दुसऱ्या गटातले असतात. अंतर तेच, पण पायांवर पडणारा वेळ पाऊण तासाने जास्त. म्हणून लाँग रन ठरवताना किलोमीटरच्या जोडीला घड्याळही बघावं लागतं. जॅक डॅनियल्स या नामांकित अमेरिकी प्रशिक्षकांनी लाँग रनला अडीच तासांची मर्यादा घातली, ती याचसाठी. आठच्या वेगाने अडीच तासांत पावणेएकोणीस किलोमीटर होतात, नऊच्या वेगाने साडेसोळा-सतरा. तेव्हा ‘शर्यतीआधी एकवीस कर’ हा सल्ला वेगवान माणसासाठी ठीक. सावकाश धावणाऱ्याला तो शर्यतीच्या तीन आठवडे आधीच एक अख्खी शर्यत पळायला लावतो, आणि मग मंगळवार-गुरुवारचं धावणं बुडतं. हॅल हिग्डन यांचा नवख्यांसाठीचा बारा आठवड्यांचा प्रसिद्ध आराखडा लाँग रन दहा मैलांवर, म्हणजे १६ किलोमीटरवर थांबवतो. शर्यतीतले शेवटचे पाच किलोमीटर सरावात न धावताच माणसं पूर्ण करतात, हे त्यात गृहीत धरलेलं आहे.

सोळा हे जायचं ठिकाण झालं. तिथवर कोणत्या पायऱ्यांनी जायचं, हा खरा प्रश्न.

धावणाऱ्यांना पाठ असलेला नियम असा: आठवड्याचं एकूण अंतर दर आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये. नियम सोपा आहे, लक्षात राहतो, पण त्याच्या पाठीशी पुरावा फारसा नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन इथे नवख्या धावपटूंचे दोन गट करून तो तपासला गेला. एकाने हळूहळू अंतर वाढवलं, दुसऱ्याने नेहमीच्या वेगाने. २००८ साली निष्कर्ष आले तेव्हा दुखापतींचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच, वीस टक्क्यांच्या आसपास निघालं.

मग २०२५ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये एक मोठा अभ्यास आला. पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या घड्याळांतल्या नोंदी दीड वर्ष तपासल्या गेल्या. आठवड्याच्या बेरजेतली वाढ आणि दुखापत यांचा अपेक्षित संबंध त्यात दिसला नाही. संबंध दिसला तो एका विशिष्ट गोष्टीशी: आजचा रन गेल्या तीस दिवसांतल्या सर्वांत लांब रनपेक्षा किती मोठा आहे? तो दहा टक्क्यांपेक्षा जास्त पण तीस टक्क्यांपर्यंत मोठा असेल, तर दुखापतीचं प्रमाण सुमारे ६४ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. दुपटीहून मोठा असेल, तर १२८ टक्क्यांनी. हा नोंदींवरून काढलेला संबंध आहे, प्रयोग नव्हे. शिवाय त्यातले बरेच जण मुरलेले होते. तरी नवख्याला त्यातून एक हाताशी धरण्याजोगं माप मिळतं. दहा टक्के आठवड्याच्या बेरजेवर न मोजता लाँग रनवर मोजावेत, आणि तेही मागच्या रविवारशी नव्हे, तर गेल्या महिन्याभरातल्या सर्वांत लांब धावण्याशी ताडून.

ठाण्यातल्या चाळिशीतल्या एका शिक्षिकेचं उदाहरण घेऊ. काल्पनिक आहे, पण अशा बायका उपवन तलावाभोवती पहाटे सहज भेटतात. आठवड्यातून तीनदा धावतात: चार, पाच आणि रविवारी आठ किलोमीटर. वेग किलोमीटरला आठ मिनिटं. शर्यतीला बारा आठवडे आहेत.

महिन्याभरातला सर्वांत लांब रन आठचा, म्हणून पहिल्या रविवारी त्यांनी ८.८ च्या पुढे जायचं नाही. पुढचे दोन रविवार ९.६ आणि १०.५. चौथ्या आठवड्यात मुद्दाम मागे येऊन आठच. पाचव्या ते सातव्या आठवड्यात ११.५, १२.५ आणि १३.५. आठव्यात पुन्हा उतार, दहा. नवव्यात १४.६, दहाव्यात १६. अकराव्या रविवारी दहा, बाराव्याला शर्यत. उताराचे आठवडे मध्ये आले तरी हिशेब बिघडत नाही, कारण आधीचा मोठा रन अजून तीस दिवसांच्या आत असतो. सोळा किलोमीटरला त्यांना दोन तास आठ मिनिटं लागतील. अडीच तासांची रेघ अजून लांब आहे.

हेच गणित सुरुवातीला सहा किलोमीटर धरून केलं तर वाढवण्याच्या त्याच आठ रविवारांत माणूस जेमतेम तेरापर्यंत पोहोचतो. म्हणजे बारा आठवड्यांचा आराखडा उचलायचा असेल, तर आधी आठ किलोमीटर धाप न लागता, गप्पा मारत धावता यायला हवं. ते येत नसेल तर तयारी सोळा आठवड्यांची धरावी. आराखड्यांच्या तक्त्यावर अशी अट बारीक अक्षरात असते आणि नेमकी तीच वाचायची राहते.

आता आठवड्याची बेरीज. डॅनियल्स यांचा दुसरा दंडक असा की, कमी अंतर धावणाऱ्याचा लाँग रन आठवड्याच्या एकूण अंतराच्या तीस टक्क्यांपर्यंतच असावा. शिक्षिकाबाईंना तो लावून पाहू. सोळाचा लाँग रन हवा तर आठवड्याला त्रेपन्न किलोमीटर. आठच्या वेगाने सात तासांहून जास्त. सकाळची शाळा, घरचा स्वयंपाक आणि लोकलचा प्रवास सांभाळून हे जमणं कठीण, आणि जमवलं तर पाय तक्रार करणार. डॅनियल्स यांनी कॉलेजच्या धावपटूंना वर्षानुवर्षं शिकवलं; जवळपास रोज धावणाऱ्यांना शोभणारं ते प्रमाण आहे. आठवड्यातून चार दिवस धावणाऱ्याचा लाँग रन चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांवर जातोच. पन्नासच्या वर मात्र जाऊ देऊ नये. कारण मग तो एकच रन आठवडाभराचा बोजा उचलतो आणि बाकीचे दिवस पायांना सवय लावायला कमी पडतात.

म्हणून बेरीज वाढवण्याचा मार्ग रविवारच्या बाहेर शोधायचा. बाईंनी सर्वांत आधी चौथा दिवस जोडावा, तोही फक्त तीन किलोमीटरचा. पहिल्या आठवड्यात मंगळवारी चार, गुरुवारी पाच, शनिवारी तीन आणि रविवारी ८.८, अशी एकवीसच्या आसपास बेरीज होते. नंतर गुरुवारचा रन हळूहळू लांबवत नऊपर्यंत न्यायचा. दहाव्या आठवड्याचं चित्र मग असं दिसतं: मंगळवार सहा, गुरुवार नऊ, शनिवार चार, रविवार सोळा. एकूण पस्तीस, वेळ चार तास चाळीस मिनिटं, लाँग रनचा वाटा सेहेचाळीस टक्के. गुरुवारच्या नऊची किंमत लाँग रनच्या कौतुकात झाकली जाते, पण थकलेल्या पायांनी बारावा-तेरावा किलोमीटर धावायची सवय तोच लावतो.

चारही रन सावकाश. चार शब्दांचं वाक्य बोलताना दोनदा श्वास घ्यावा लागला, तर वेग जास्त झाला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मुंबईची हवा अजून दमट असते. पुण्या-नाशिकला गारवा आला तरी इथे पहाटे पाचलाही टी-शर्ट भिजतो. अशा हवेत नेहमीच्या वेगाचा हट्ट धरला की नाडी चढत जाते आणि शेवटचे दोन किलोमीटर फरपटत होतात. त्या दिवशी अंतराऐवजी मिनिटं मोजून थांबणं जास्त शहाणपणाचं. घाटाला हीच गोष्ट. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनचा पहिला अर्धा भाग यवतेश्वराच्या घाटातून चढतो, तिथले दहा किलोमीटर आणि मरीन ड्राइव्हवरचे दहा एका मापात बसत नाहीत.

अंदाज चुकलाय हे कसं कळावं? दम लागणं ही खूण फसवी आहे, कारण दम काही आठवड्यांत सुधारतो. स्नायूबंध आणि हाडं मागे राहतात. वाढत्या भाराला तोंड देताना हाड आधी जुना भाग झिजवतं आणि मग नवा भरतं; त्या मधल्या काळात ते तात्पुरतं कमकुवत असतं. म्हणून धावणं सोपं वाटू लागतं नेमक्या त्याच पाचव्या-सहाव्या आठवड्यात नडगी बोलायला लागते. नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पट्ट्यात ठसठस असेल, धावू लागल्यावर कमी होत असेल, तर आठवडाभर अंतर निम्म्यावर आणून बघता येतं. पण एका बोटाने नेमकी जागा दाखवता येत असेल, त्या पायावर उडी मारताच कळ येत असेल किंवा रात्री झोपेतही दुखत असेल, तर धावणं बंद करून हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. ती हाडाला गेलेली बारीक चीर असू शकते. आणखी एक साधी खूण मंगळवारी मिळते. चार किलोमीटरचा रन दोन मंगळवार सलग जड गेला, तर रविवारची उडी मोठी होती.

रविवार चुकतातच. दिवाळीत माहेरी जाणं होतं, घरात ताप फिरतो, एखादं लग्न निघतं. एक रविवार बुडाला तर पुढच्या वेळी राहिलेलीच पायरी घ्यायची. दोन बुडाले तर एक पायरी खाली उतरायचं. बुडालेलं अंतर पुढच्या आठवड्यात भरून काढणं, म्हणजे साडेअकरानंतर थेट साडेतेरा, हा सर्वांत जास्त दिसणारा घोळ. तीन आठवडे गेले, तर सोळा सोडून चौदावर समाधान मानावं आणि शर्यतीत सुरुवातीपासूनच धाव-चाल ठरवून करावी. १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये दहा हजार मीटर धावलेल्या जेफ गॅलोवे यांनी ही पद्धत रुजवली. चार मिनिटं धावायचं, एक मिनिट चालायचं, तेही दमायच्या आधीपासून. नाहीतर माहीमहून निघालेली मंडळी सी लिंकवरच्या वाऱ्यात आणि ढोलांच्या तालात पाय मोकळे सोडतात आणि पेडर रोडच्या चढाला चालू लागतात.

शर्यतीच्या दिवशी सोळावरून एकवीस म्हणजे तीस टक्क्यांहून मोठी उडी. नियम मोडतोच, तो जाणून-बुजून आणि एकदाच. त्यासाठीच अकराव्या आठवड्याची बेरीज बावीस-तेवीसवर येते आणि शेवटच्या आठवड्यात मंगळवारी चार, गुरुवारी तीन एवढंच उरतं. शर्यत झाल्यावर तीस दिवसांच्या नोंदीत एकवीसचा आकडा बसतो आणि कागदावर पुढच्या रविवारी तेवीसलाही परवानगी मिळते. तिथे हे माप सोडून द्यायचं. पहिला आठवडा नुसतं चालणं, दुसऱ्यात तीन-चार किलोमीटरचे दोन सावकाश रन, आणि लाँग रन पुन्हा सुरू करायचा तो आठ-दहापासून.