जागा नाही, पण यादीत नाव आहे

प्रवेशाची यादी कशी चालते, हे महाराष्ट्रातल्या घरांना पक्कं ठाऊक असतं. सीईटीचा निकाल लागतो, गुणवत्ता क्रमांक हातात येतो, कॅपच्या फेऱ्या सुरू होतात. गेल्या वर्षीचा कटऑफ पाहून यंदा कुठे नंबर लागेल, हे शेजारचे काकाही सांगतात. त्यामुळे अमेरिकेतल्या विद्यापीठाकडून ‘तुम्हाला वेटलिस्टवर ठेवलं आहे’ असं पत्र आलं, की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो : “कितवा नंबर?”

बहुतेक वेळा या प्रश्नाला उत्तरच नसतं, कारण त्या यादीत नंबर नसतात. पुढे त्याच मुलाला प्रवेश मिळाला आणि तो विषय निवडायला बसला, की त्याला दुसरीच एक वेटलिस्ट भेटते. तिच्यात नंबर असतो, पडद्यावर स्पष्ट दिसतो, पण त्यावर विसंबणारे हमखास फसतात.

आधी पहिली यादी. समजा, एका विभागाला शंभर विद्यार्थी हवे आहेत. बोलावलेल्या चारांपैकी एकच येतो, हा त्यांचा जुना अनुभव. म्हणून ते चारशे जणांना प्रवेश देऊ करतात. यंदा शंभराऐवजी अठ्ठ्याऐंशीच आले, तर बारा जागा उरतात आणि मग वेटलिस्ट उघडली जाते. पण हे बारा जण वरून ओळीने घेतले जात नाहीत. उरलेल्या जागा कुठल्या आहेत, ते आधी पाहिलं जातं. एखाद्या शाखेत माणसं कमी पडली असतील, तर त्या शाखेचे अर्ज निघतात. शिष्यवृत्तीचे पैसे संपले असतील, तर स्वतःची फी भरू शकणाऱ्यांकडे नजर वळते. म्हणजे वेटलिस्ट ही भोकं बुजवण्यासाठी ठेवलेली माणसं असतात. तिथे तुमचे गुण किती, यापेक्षा भोक कुठे पडलं आहे, यावर जास्त ठरतं.

म्हणूनच तारखा महत्त्वाच्या. पदवी अभ्यासक्रमांना जागा पक्की करण्याची रूढ तारीख १ मे आहे. पदव्युत्तर प्रवेशांत, जिथे विद्यावेतन किंवा असिस्टंटशिप देऊ केलेली असते, तिथे १५ एप्रिलपर्यंत विद्यार्थ्यावर उत्तरासाठी दबाव आणायचा नाही, असा अनेक विद्यापीठांचा सामायिक करार आहे. या तारखा उलटेपर्यंत किती जण नाही म्हणणार, हे विभागालाही कळत नाही. मार्चमध्ये रोज ईमेल पाठवून विचारणाऱ्याला काही हाती लागत नाही, ते यामुळेच.

पदवीसाठी जाणाऱ्याला एक कागद फार उपयोगी पडतो, आणि आपल्याकडे तो फारसा कुणी पाहत नाही. अनेक अमेरिकन विद्यापीठं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाची माहिती प्रसिद्ध करतात. तिच्या सी-२ या भागात वेटलिस्टवर किती जणांना ठेवलं, त्यांतल्या किती जणांनी ती स्वीकारली आणि शेवटी किती जणांना घेतलं, हे आकडे असतात. यादीला क्रम आहे की नाही, हाही प्रश्न तिथे असतो. सलग चार-पाच वर्षांचे आकडे पाहावेत. एखाद्या विद्यापीठाने एका वर्षी शेकडो घेतलेले असतात आणि दुसऱ्या वर्षी अगदी मोजके. असा चढउतार दिसला, तर ‘यंदा शक्यता किती’ या प्रश्नाची किंमत कळते.

वाट पाहताना करायचं काय? पहिलं म्हणजे यादीत राहायचं आहे, असं कळवायचं. पुष्कळ ठिकाणी त्यासाठी वेगळा फॉर्म असतो. तो मुदतीत भरला नाही, तर नाव आपोआप गळतं. मग एक पानी पत्र, एकदाच. अर्जानंतर नवं काय घडलं, ते त्यात असावं : सातव्या सेमिस्टरचे गुण, पूर्ण झालेला प्रकल्प, छापून आलेला निबंध. जागा मिळाली तर नक्की येईन, हे वाक्य खरं असेल तरच लिहावं. पैशांचं काय, हेही आताच विचारून ठेवावं, कारण यादीतून उशिरा घेतलेल्यांच्या वाट्याला शिष्यवृत्ती बऱ्याचदा उरलेली नसते.

आणि या सगळ्याबरोबर दुसरीकडे मिळालेली जागा डिपॉझिट भरून पक्की करायची. एक जागा पक्की करून दुसरीकडे वेटलिस्टवर राहणं पूर्ण रीतसर आहे. दोन ठिकाणी डिपॉझिट भरून ठेवणं मात्र गैर मानलं जातं, आणि मला ते रास्त वाटतं. तसं करणारा दुसऱ्या कुणाची तरी वेटलिस्ट अडवून बसतो. यादीतून बोलावणं आलं, तर पहिलं डिपॉझिट बहुधा बुडतं. ते बुडणार, हे हिशेबात आधीच धरावं.

भारतातून जाणाऱ्याला आणखी एक मुदत असते. ती विद्यापीठ सांगत नाही. मे महिन्यात बोलावणं आलं, तर नवा आय-२० मागवणं, बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र नव्या विद्यापीठाच्या नावाने करून घेणं आणि व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळवणं जमू शकतं. तेच जुलैच्या मध्यावर आलं, तर जागा असते, वेळ नसतो. व्हिसा आधीच झाला असेल, तर गुंता वाढतो, कारण पहिल्या प्रवासाला व्हिसावर ज्या विद्यापीठाचं नाव आहे, तिथेच जायचं असतं. तेव्हा कोणत्या तारखेनंतर आपण ‘नको’ म्हणणार, हे घरात बसून जूनच्या आतच ठरवावं.

आता दुसरी यादी. अमेरिकेत एकच विषय अनेक सेक्शनमध्ये शिकवला जातो. प्रत्येक सेक्शनची वेळ, प्राध्यापक आणि मर्यादा वेगळी. मर्यादा साठ असेल, तर त्यामागे खोलीची आसनसंख्या असते, आगीच्या नियमाने ठरलेली कमाल संख्या असते आणि वह्या तपासायला किती सहायक परवडतात, याचं गणितही असतं. जुन्या विद्यार्थ्यांना नोंदणी आधी करता येते; नवा मुलगा लॉगिन करतो, तेव्हा मागणीचे विषय भरलेले असतात.

समजा, सांगलीची एक मुलगी एमएसला गेली आहे. एफ-१ व्हिसावर तिला पूर्णवेळ विद्यार्थिनी राहणं बंधनकारक आहे आणि तिच्या विद्यापीठात पदव्युत्तर पूर्णवेळ म्हणजे सत्रात ९ क्रेडिट, तीन-तीन क्रेडिटचे तीन विषय. दोन विषय मिळाले. तिसरा, मशीन लर्निंग, मंगळवार-गुरुवार दुपारी दोनला, भरलेला. वेटलिस्टवर तिचा नंबर सातवा. वेटलिस्टचे क्रेडिट पूर्णवेळात धरत नाहीत, म्हणून तिने शहाणपणाने डेटाबेसचा एक सुटा सेक्शन घेऊन ९ पूर्ण केले. तो सेक्शनही मंगळवार-गुरुवारीच, दीड वाजता सुरू होऊन पावणेतीनला संपणारा.

इथेच घोटाळा झाला. पुष्कळ विद्यापीठांत रिकामी झालेली जागा संगणक रात्रीतून आपोआप भरतो. तो यादी वरून वाचतो, पण प्रत्येक नावाला तेच नियम लावतो, जे नेहमीच्या नोंदणीला लागतात. पहिल्या मुलाचे क्रेडिट कमाल मर्यादेपलीकडे जात होते, म्हणून त्याला वगळलं. दुसऱ्याच्या खात्यावर लसीकरणाची नोंद न दिल्याचा होल्ड होता, त्यालाही वगळलं. तिसरा आत गेला. असं होत होत दहा दिवसांत पाच जागा सुटल्या, सातव्या नंबरपर्यंत पाळी आली, आणि संगणकाने आमच्या मुलीलाही वगळलं, कारण दोनच्या तासाची तिच्या दीडच्या तासाशी टक्कर होत होती. आठव्याला जागा मिळाली. तिला कुणी ठळकपणे कळवलं नाही. पडद्यावर ती यादीत दिसतच राहिली. आपला नंबर पहिला झाला आहे आणि तरी जागा मिळत नाही, हे दिसलं की अशी काही अडचण आहे, असं समजावं.

उपाय सोपा आहे, पण तो आधी करावा लागतो. पर्यायी विषय वेगळ्या वेळेचा घ्यायचा. तसा मिळत नसेल, तर अनेक प्रणालींत अदलाबदलीची सोय असते : वेटलिस्टवर नाव घालतानाच ‘हा विषय मिळाला तर तो काढून टाका’ अशी सूचना देता येते. मग जागा सुटताच मशीन लर्निंग आत येतं, डेटाबेस बाहेर जातो आणि ९ क्रेडिट एका क्षणासाठीही मोडत नाहीत. हाताने आधी डेटाबेस काढून मग जागेची वाट पाहणं, हा धोका पत्करू नये. पर्यायी विषय ऑनलाइन घेतानाही जपावं. एफ-१ विद्यार्थ्याला पूर्णवेळात एकच ऑनलाइन विषय किंवा तीन क्रेडिट धरता येतात.

काही विद्यापीठांत संगणक जागा भरत नाही, फक्त ईमेल पाठवतो आणि ठरावीक वेळ देतो, बरेचदा चोवीस तास. तेवढ्यात नोंदणी केली नाही, तर नाव खाली जातं किंवा उडतं. हा ईमेल विद्यापीठाच्या खात्यावर येतो, घरच्या जीमेलवर नाही. शिकागोत संध्याकाळी पाचला तो निघाला, तर उन्हाळ्यात सांगलीत पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. अजून भारतातच असलेल्या मुलांनी ते खाते फोनवर जोडून ठेवलेलं बरं.

कधी यादीत माणसं थांबलेली असतानाही सेक्शनमध्ये चार जागा मोकळ्या दिसतात. त्या बहुधा दुसऱ्या विभागाच्या किंवा नव्या विद्यार्थ्यांच्या राखीव असतात. आरक्षण ठरावीक तारखेला उठतं. ती तारीख विभागाच्या कार्यालयात विचारली, तर सहसा सांगतात. फी भरण्याची मुदत संपते, तेव्हाही जागा सुटतात, कारण काही ठिकाणी न भरणाऱ्यांची नोंदणी रद्द होते. आणि तासांचा पहिला आठवडा : पहिला गृहपाठ पाहून कित्येक जण निघून जातात.

प्राध्यापकांची परवानगी असेल, तर या आठवड्यात वेटलिस्टवर असूनही वर्गात जाऊन बसावं. दुसऱ्या आठवड्यात आत गेलात, तरी पहिला गृहपाठ माफ होत नाही. प्राध्यापकांना ईमेल लिहायचा तर चार ओळींचा : विद्यार्थी क्रमांक, सेक्शन क्रमांक, पूर्वअटींचे कोणते विषय झालेत, आणि हा विषय याच सत्रात का हवा. ‘मला या विषयाची खूप आवड आहे’ हे त्यांना त्या दिवशी वीस जणांनी लिहिलेलं असतं. ‘पुढच्या सत्रातला अमुक विषय याच्यावर अवलंबून आहे’ हे तपासता येण्याजोगं कारण आहे. मात्र मोठ्या विभागांत परवानगीचे क्रमांक प्राध्यापकांच्या हातात नसतात, कार्यालयाकडे असतात. प्राध्यापक ‘मी काही करू शकत नाही’ म्हणाले, तर बरेचदा ते शब्दशः खरं असतं.

विषय जोडण्याची मुदत संपली, की वेटलिस्ट पुसली जाते. स्वयंचलित भरणी बऱ्याच ठिकाणी त्याआधीच, सत्र सुरू होण्याच्या सुमारास थांबवतात. उरलेल्या दिवसांत फक्त परवानगीचा क्रमांक चालतो. मुदतीच्या आदल्या दिवशी नोंदणीचं पान उघडून क्रेडिट ९ भरतात का आणि नको असलेला पर्यायी विषय चुकून शिल्लक तर नाही ना, हे पाहावं. फी पूर्ण परत मिळण्याची मुदत वेगळी असू शकते, तीही बघावी. उशिरा सोडलेल्या विषयाचे पैसे जातात आणि गुणपत्रिकेवर ‘डब्ल्यू’ राहतो. शिवाय परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याची आगाऊ मंजुरी न घेता क्रेडिट नवाखाली गेले, तर व्हिसाचा दर्जाच अडचणीत येतो.