शिबिराच्या मेलला आलेली उत्तरं : एकाच माणसाला दोनदा मेल जाऊ नये म्हणून

दहावी-बारावीच्या मुलांसाठी मार्गदर्शन शिबिर ठरलं की आपल्या संस्था डॉक्टर, वकील, इंजिनिअर अशा चाळीस-पन्नास जणांना मेल पाठवतात. उत्तरं एकाच जीमेलवर येतात आणि ती तीन-चार कार्यकर्ते पाहतात. घोटाळा इथेच होतो. एकाने मोबाइलवर मेल उघडला की त्याची ठळक अक्षरं सगळ्यांसाठी साधी होतात. दुसऱ्याला वाटतं, उत्तर गेलं असेल. म्हणून "वाचलं" ही खूण कामाची नाही.

आधी पासवर्ड वाटणं बंद करा. जीमेलच्या `Settings` मधल्या `Accounts and Import` मध्ये `Grant access to your account` आहे. तिथून प्रत्येकाला स्वतःच्या खात्यातून हा इनबॉक्स पाहता येतो. कुणी काम सोडलं तर फक्त त्याचा प्रवेश काढायचा.

मग लेबलं करा. प्रत्येक कार्यकर्त्याच्या नावाचं एक, आणि शिवाय "उत्तराची वाट", "संपलं" व "पुन्हा संपर्क नको". नियम एकच: मेल उघडणाऱ्याने आधी आपलं नाव लावायचं, मग उत्तर लिहायचं. नाव लागलेल्या मेलला दुसऱ्याने हात लावायचा नाही. चोवीस तासांत उत्तर गेलं नाही, तर नाव काढून मेल मोकळा करायचा.

उत्तरांत फरक पडू नये म्हणून "येतो", "तारीख बदला" आणि "जमणार नाही" या तिन्हींसाठी मजकूर ठरवून `Templates` मध्ये ठेवा. प्रवासखर्च, वेळ, जागा यांची माहिती त्यातच असू द्या. नाहीतर सलमा एका पाहुण्याला प्रवासखर्च देऊ म्हणते आणि इमरान दुसऱ्याला नाही म्हणतो.

आता एक उदाहरण घेऊ. एका डॉक्टरांना त्यांच्या खासगी पत्त्यावर मेल गेला. त्यांनी दवाखान्याच्या पत्त्यावरून कळवलं, "शनिवारी नाही, रविवारी येईन." सलमाने आपलं नाव लावलं, उत्तर दिलं आणि यादीच्या शीटमध्ये त्यांच्या ओळीत नवा पत्ता व "रविवार" लिहिलं. तिने शीट भरली नसती, तर जुना पत्ता "उत्तर नाही" असाच राहिला असता आणि आठवड्याने त्यांना आठवणीचा मेल गेला असता. म्हणून आठवण पाठवायची ती शीट पाहूनच, इनबॉक्स पाहून नाही. फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर आलेला होकारही त्याच दिवशी शीटमध्ये यायला हवा.

यादीत एकच पत्ता दोनदा आहे का, हे पाहायला पत्ते B स्तंभात असतील तर शेजारच्या रिकाम्या स्तंभात हे लिहा आणि खालपर्यंत ओढा:

```
=COUNTIF(B:B,B2)
```

आकडा एकापेक्षा मोठा आला, तर ती ओळ तपासा. मात्र एकाच माणसाचे दोन वेगळे पत्ते यात सापडत नाहीत. त्यासाठी मोबाइल नंबरचा स्तंभ ठेवून तोही असाच मोजा.