मांजराच्या डोळ्यांतला आरसा

रात्री अंगणात टॉर्च मारला की कोपऱ्यातून दोन हिरवे-पिवळे ठिपके चमकतात. मांजराच्या डोळ्यांत स्वतःचा उजेड नसतो. आपल्याच टॉर्चचा प्रकाश तिथून परत येतो. म्हणून काळोख मिट्ट असेल तर हे डोळे चमकत नाहीत आणि मांजरालाही काही दिसत नाही.

डोळ्यात शिरलेला प्रकाश मागच्या दृष्टिपटलावर पडतो. तिथल्या पेशी तो टिपतात, पण काही प्रकाश त्यांच्यातून निसटतो. माणसाच्या डोळ्यात हा निसटलेला प्रकाश मागच्या काळ्या रंगद्रव्यात बहुतांशी विरून जातो. मांजरात मात्र दृष्टिपटलाच्या मागे ‘टॅपेटम ल्युसिडम’ नावाचा चकचकीत थर असतो. तो निसटलेला प्रकाश माघारी पाठवतो, आणि पेशींना तो टिपायची दुसरी संधी मिळते. त्यातूनही जो उरतो, तो बाहुलीतून बाहेर येतो आणि आपल्याला चमक दिसते. सयामी मांजरांत या भागात रंगद्रव्य कमी असल्याने त्यांचे डोळे बहुधा लालसर चमकतात.

या थराला मोठ्या बाहुलीची जोड असते. दुपारी उभ्या फटीएवढी असलेली बाहुली रात्री जवळजवळ सगळा डोळा व्यापते. शिवाय मंद उजेड टिपणाऱ्या दंडपेशी मांजरात भरपूर असतात. त्यामुळे आपल्याला लागतो त्याच्या साधारण एक षष्ठांश उजेडात मांजराचे काम भागते.

याची किंमतही त्याला मोजावी लागते. थरावरून परतणारा प्रकाश थोडा पसरतो आणि चित्र धूसर होते. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशीही मांजरात कमी आहेत. आपल्यात त्यांचे तीन प्रकार असतात, मांजरात मुख्यतः दोन: एक निळ्या-जांभळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणारा, दुसरा हिरव्या-पिवळ्या. त्यामुळे निळा आणि पिवळा हे रंग ते वेगळे ओळखते, पण लाल आणि हिरव्यात गोंधळते. हिरवळीवर लाल चेंडू स्थिर पडला असेल तर तो त्याला सहज सापडत नाही. तोच घरंगळू लागला की लगेच दिसतो, कारण हालचाल टिपण्यात ही नजर तरबेज आहे.

या डोळ्यांना टॉरिन हे पोषकद्रव्य लागते. मांजराचे शरीर ते पुरेसे बनवू शकत नाही. ते मांस-मासळीतून मिळते. ते आहारात कमी पडले तर मांजराचे दृष्टिपटल झिजते, हे 1975 साली संशोधकांनी दाखवून दिले. झिजलेला भाग पुन्हा भरून येत नाही. म्हणून मांजराला नुसत्या दूध-पोळीवर किंवा कुत्र्याच्या खाद्यावर ठेवू नका. भर उजेडातही बाहुल्या मोठ्याच राहत असतील, डोळे चमकत असतील किंवा मांजर सामानाला धडकत असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवा.