नळीतलं सोडियम आणि पाण्याचं सूत्र

कल्पाक्कमच्या एफबीटीआर अणुभट्टीत 1985पासून उष्णता वाहून नेण्याचं काम वितळलेलं सोडियम करतं. मात्र पाण्यासाठीचं डिटस-बोल्टर सूत्र त्याला लावलं, तर हिशेब फसतो.

प्रांटल अंक म्हणजे द्रवातला वेग आणि उष्णता यांच्या पसरण्याच्या क्षमतांचं गुणोत्तर. खोलीच्या तापमानाच्या पाण्यात तो सुमारे 7, तर 400 अंश सेल्सिअसच्या सोडियममध्ये जेमतेम 0.005. पाण्यात भिंतीलगतच्या पातळ थरापलीकडे उष्णता भोवरेच नेतात. सोडियममध्ये ती प्रवाहाच्या गाभ्यातही वहनानेच झपाट्याने पसरते.

म्हणून लायनचं सूत्र: Nu = 7 + 0.025 Pe^0.8, जिथे Pe = Re × Pr. त्यातला 7 हा वहनाचा वाटा; प्रवाह मंदावला तरी तो उरतो.

रेनॉल्ड्स अंक एक लाख धरला, तर Pe 500 आणि Nu साधारण 10.6 येतो. डिटस-बोल्टर 27 च्या पुढे जातं! त्यावर विसंबल्यास भिंत आणि सोडियम यांच्या तापमानातला फरक अडीचपटीहून कमी दिसतो, आणि नळी प्रत्यक्षात अपेक्षेहून जास्त तापते.