एका कापात तीन सळ्यांचा हिशेब

12 मीटर लांब, 3 मीटर उंच लोखंडी कैची. खालच्या पट्टीला दर 3 मीटरवर सांधा, आणि आतल्या तीन सांध्यांवर प्रत्येकी 40 किलोन्यूटन भार. म्हणजे दोन्ही टेकूंवर 60-60.

सगळे सांधे सोडवत बसायची गरज नाही. जर्मन अभियंता ऑगस्ट रिटर यांची युक्ती अशी: दुसऱ्या खणातून वरची, खालची आणि तिरपी अशा तीनच सळ्या कल्पनेने कापायच्या आणि डाव्या तुकड्याचा तोल तपासायचा.

तिरपी आणि खालची सळी मधल्या सांध्यात मिळतात. तिथून मोमेंट घेतला की या दोघी हिशेबातून गळतात. 60×6 मधून 40×3 वजा, भागिले 3 : वरच्या सळीत 80 किलोन्यूटन दाब. तसाच वरच्या सांध्यातून मोमेंट घेतला, तर खालच्या सळीत 60 ताण.

साध्या पोलादाला ताणात दर चौरस मिलिमीटरला 150 न्यूटन चालतात. म्हणून खालच्या सळीला 400 चौरस मिलिमीटर पुरतात, पण बोल्टची भोके वगळून.

दाबाच्या सळीला हाच आकडा लावणे धोक्याचे, कारण ती चिरडण्याआधी वाकते. 3 मीटर लांबीची सडपातळ सळी असेल, तर परवानगीचा ताण 45 पर्यंतही उतरतो. मग 533 ऐवजी सुमारे 1,780 चौरस मिलिमीटर लागतात.