सभासद बदलला की बेरीज शून्यावर

पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक गावांत दूध संस्थेचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. सकाळ-संध्याकाळ धरून एका सभासदाच्या नावावर तेवढ्यात वीसेक नोंदी होतात. एक्सेलमध्ये त्या एकाखाली एक लागतात. A रकान्यात सभासद क्रमांक आणि B रकान्यात लिटर. हिशेब ठेवणाऱ्याला शेजारच्या C रकान्यात चालू बेरीज हवी असते. या सभासदाचं दूध आतापर्यंत किती झालं, हे प्रत्येक ओळीत दिसलं पाहिजे. आणि पुढच्या सभासदाची पहिली ओळ आली, की मागच्याचं एक थेंबही त्याच्या नावावर चढता कामा नये.

नुसती चालू बेरीज म्हणजे वरची बेरीज अधिक या ओळीचं लिटर. इथे त्याआधी एक गोष्ट तपासावी लागते: वरच्या ओळीतही हाच सभासद आहे का? असेल तर वरची बेरीज घ्यायची, नसेल तर शून्य, आणि मग या ओळीचं लिटर त्यात मिळवायचं. पहिल्या ओळीत मथळे आहेत असं धरून C2 मध्ये हे सूत्र लिहायचं आणि खालपर्यंत ओढायचं:

```
=IF(A2=A1,C1,0)+B2
```

समजा, १४ नंबरच्या सभासदाच्या तीन नोंदी आहेत: ६.५, ५.८ आणि ६.२ लिटर. त्याखाली १५ नंबरच्या दोन: ४.० आणि ४.४. C रकान्यात ६.५, १२.३, १८.५ असं चढत जातं, १५ नंबर येताच आकडा ४.० वर उतरतो आणि पुढे ८.४ होतो. पहिल्या ओळीसाठी वेगळं सूत्र लागत नाही, कारण A1 मधला मथळा १४ शी जुळत नाही आणि बेरीज आपोआप शून्यापासून सुरू होते. गुगल शीट्समध्येही हेच सूत्र चालतं.

हे सूत्र फक्त एक ओळ वर बघतं. त्याचा वेग त्यातच आहे आणि धोकाही त्यातच. १५ नंबरच्या खाली १४ नंबरची आणखी एक नोंद आली, समजा ६.० लिटरची, तर C मध्ये सरळ ६.० उमटेल. आधीचे १८.५ लिटर त्यात येणार नाहीत. म्हणून आधी यादी सभासद क्रमांकाने आणि मग तारखेने क्रमवार लावून घ्यायची. नोंदी आल्या त्याच क्रमाने ठेवायच्या असतील, तर सूत्र बदलावं लागतं:

```
=SUMIF(A$2:A2,A2,B$2:B2)
```

हे सूत्र सुरुवातीपासून या ओळीपर्यंतच्या साऱ्या नोंदी चाळतं आणि त्याच सभासदाचं लिटर गोळा करतं. त्या विखुरलेल्या नोंदीसमोर आता २४.५ दिसेल. मात्र प्रत्येक ओळ आपल्या वरच्या सगळ्या ओळी पुन्हा वाचते. दहा हजार ओळी झाल्या की एकूण वाचन पाच कोटींच्या घरात जातं आणि फाइल जड होते.

पहिल्या सूत्रातली चूक पकडायची कशी? बहुतेक जण D रकान्यात प्रत्येक सभासदाची शेवटची बेरीज काढतात:

```
=IF(A2<>A3,C2,"")
```

मग D ची बेरीज B च्या बेरजेशी ताडून पाहतात आणि जुळली की निश्चिंत होतात. ही पडताळणी फसवी आहे. १४ नंबरचं दूध १८.५ आणि ६.० अशा दोन तुकड्यांत मोडलं तरी लिटर कुठेच हरवत नाही. दोन्हीकडे ३२.९ च येतात. मोजायला हवेत ते तुकडे. D मध्ये आकडे किती आहेत ते COUNT ने मोजावं. सभासद दोन आणि आकडे तीन, म्हणजे कुणाचं तरी खातं फाटलं आहे.

क्रम बरोबर असूनही खातं फाटतं, तेव्हा दोष नोंदीत असतो. कुठे १४ हा आकडा म्हणून टाकलेला असतो, तर कुठे मजकूर म्हणून. दिसायला दोन्ही सारखेच, पण = चिन्हाला ते वेगळे वाटतात. मुद्दाम मांडणी बदललेली नसेल तर आकडा उजवीकडे सरकलेला असतो आणि मजकूर डावीकडे. क्रमांकाऐवजी नावं असतील तर नावामागे राहिलेली मोकळी जागा हाच घोळ घालते. ती TRIM ने काढता येते.

काही वह्यांमध्ये सभासदाचं नाव पहिल्या ओळीतच लिहून खालच्या ओळी कोऱ्या सोडतात. एक्सेलमध्येही तशीच मांडणी केली, तर दुसऱ्याच ओळीला बेरीज मोडते, कारण नाव आणि कोरी जागा जुळत नाही. तिसऱ्या ओळीपासून कोरं कोऱ्याशी जुळतं आणि बेरीज पुन्हा चालू लागते, पण पहिल्या नोंदीचं लिटर वगळून. अशा यादीसाठी अट उलटी घालावी, म्हणजे नाव लिहिलेलं दिसेल तिथेच शून्यापासून सुरुवात होते:

```
=IF(A2<>"",0,C1)+B2
```