'परवा' म्हणजे नक्की कधी?

दुसऱ्या वर्षाच्या पर्यावरण प्रकल्पासाठी चौघांचा गट ठरतो, व्हॉट्सॲप ग्रुप तयार होतो आणि पहिला मेसेज येतो : 'सर्वेक्षण परवापर्यंत करून टाकू, मग कोणीतरी ग्राफ काढा.' चौघेही अंगठा दाखवतात. पण 'करू' म्हणजे कोणी? मेसेज रात्री साडेबाराला आला असेल तर 'परवा' कुठून मोजायचा? 'शुक्रवारी रात्री 12 पर्यंत' हेही तसंच. कोणी गुरुवारची रात्र धरतं, कोणी शुक्रवारची. म्हणून वार आणि तारीख दोन्ही लिहावेत, आणि वेळ रात्री 9 द्यावी. 9 चे दोन अर्थ होत नाहीत.

आता हाच मेसेज नीट लिहू. ओला-सुका कचरा हा विषय, 40 घरांचं सर्वेक्षण, सबमिशन शुक्रवारी 20 फेब्रुवारीला. तारखा शेवटाकडून मागे मोजायच्या. 19 ला शिवजयंतीची सुट्टी, झेरॉक्सवाला दुकान उघडेलच असं नाही. म्हणजे स्पायरल बाइंडिंग 18 लाच व्हायला हवं.

सायली : 40 फॉर्म भरून शीटमध्ये उतरवणे. बुधवार 11 फेब्रुवारी, रात्री 9. शीट फातिमाला.
फातिमा : 3 तक्ते, 2 आलेख. शनिवार 14 फेब्रुवारी, रात्री 9. ओंकारला.
ओंकार : सगळं लिखाण जोडून एकच फाइल. सोमवार 16 फेब्रुवारी, रात्री 9. नेहाला.
नेहा : तपासणी, प्रिंट, बाइंडिंग. बुधवार 18 फेब्रुवारी, दुपारी 4.

एका ओळीत एकच नाव. 'सायली आणि ओंकार' लिहिलं की दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात, हे मी प्रकल्प तपासताना फार वेळा पाहिलंय. आणि 'सर्वेक्षण बघ' असं लिहू नये. हातात काय आलं की काम संपलं, ते आकड्यात लिहावं. सगळ्यात उपयोगी म्हणजे ओळीच्या शेवटचं नाव. आपण अडलो तर पुढे कोण अडतं, हे त्यातून दिसतं.

निळी टिक म्हणजे मेसेज उघडला, एवढंच. म्हणून अंगठा नको. प्रत्येकाने आपली ओळ स्वतः टाइप करून पाठवावी. सायलीने '40 फॉर्म, गुरुवार' लिहिलं, तर चूक तिथल्या तिथे पकडता येते.

तारीख बदलली तर जुना मेसेज दुरुस्त करत बसू नका. ज्याने तो आधीच वाचलाय, त्याच्या डोक्यात जुनीच तारीख राहते. पूर्ण मेसेज नव्याने टाका आणि तोच पिन करा.

काम टाळणारा मेसेजमुळे सुधारेलच असं नाही. पण 11 तारखेला रात्री 9 वाजता फातिमाकडे शीट आली नाही, तर ते त्याच रात्री कळतं, आणि सबमिशनला अजून नऊ दिवस असतात.